शेवटची खुर्ची आणि फोटोची चौकट

डिसेंबर ते फेब्रुवारी हा महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम. या दिवसांत फ्लेक्सच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी डोकावलं तर डीटीपी करणाऱ्या मुलाच्या खुर्चीमागे सांस्कृतिक समितीचे दोन-तीन प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधी उभे दिसतात. ‘संस्थेचं नाव जरा मोठं करा.’ ‘या कोपऱ्यात रिकामं दिसतंय, समई टाका.’ ‘प्रमुख पाहुण्यांच्या नावाला वेगळा रंग द्या.’ अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांचं समाधान होतं आणि फाइल छपाईला जाते.

हा सगळा निवाडा होतो तो पडद्यापासून दीड-दोन फुटांवरून. स्टेजवर लागल्यावर मात्र तो बॅकड्रॉप दीड फुटांवरून कुणीच पाहत नाही. तो पाहिला जातो शंभर फुटांवरच्या शेवटच्या खुर्चीवरून. आणि त्याहून जास्त वेळा, जास्त वर्षं पाहिला जातो तो फोटोंत: वार्षिक अंकात, वर्तमानपत्रातल्या दोन कॉलमी बातमीत, बक्षीस घेणाऱ्या मुलीच्या घरातल्या भिंतीवर. या दोन्ही ठिकाणी काय दिसेल हे छापण्याआधी तपासता येतं. त्यासाठी एक ए-फोर कागद, फूटपट्टी, कात्री आणि थोडी आठवी-नववीची भूमिती पुरते.

एक नेहमीच्या मापांचा नमुना घेऊ. तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय, मैदानात मांडव. स्टेज जमिनीपासून ४ फूट उंच आणि २० फूट खोल. मागे २४ फूट रुंद आणि १२ फूट उंच फ्लेक्स. शेवटची खुर्ची या फ्लेक्सपासून १०० फुटांवर. मजकूर नेहमीचाच: सर्वांत वर संस्थेचं नाव, त्याखाली ‘कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय’ आणि गावाचं नाव, मग ‘वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ’, तारीख, वेळ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, खाली संस्थापकांचं छायाचित्र, दोन्ही कोपऱ्यांत बोधचिन्हं आणि तळाला प्रायोजकांची पट्टी.

ही रचना कागदावर छापताना एकच काळजी घ्यायची. २४ फुटांचा फ्लेक्स बरोबर २४ सेंटिमीटर रुंद छापायचा, म्हणजे उंची १२ सेंटिमीटर होईल. आडव्या ए-फोरवर हे सहज मावतं. आता एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट झाला. या प्रमाणाचा फायदा असा की कागद भिंतीला चिकटवून तुम्ही १०० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर मागे सरकलात की थेट शेवटच्या खुर्चीवर बसलात. डोळ्याशी होणारा कोन दोन्हीकडे सारखाच असतो. प्रिंटर जवळ नसेल तर मोबाइलही चालतो. बहुतेक फोनवर आडवा धरल्यावर असं चित्र सव्वापाच इंचांच्या आसपास रुंद दिसतं. तो डोळ्यांपासून २२ इंचांवर, म्हणजे जवळपास हात लांब करून धरला की तेच शंभर फुटांचं दृश्य मिळतं. बोटांनी मोठं करून पाहायचं नाही, एवढंच पथ्य.

कागद वाचायला कुणाला द्यायचा, यावर मात्र परीक्षेचा निकाल अवलंबून असतो. ज्याने मजकूर लिहिला, ज्याने मुद्रितं तपासली, त्याला उभं करून उपयोग नाही. त्याचे डोळे न वाचताच वाचतात. ग्रंथालयातल्या शिपायाला बोलवावं, दुसऱ्या विभागातल्या विद्यार्थ्याला बोलवावं आणि ‘काय काय लिहिलंय ते मोठ्याने सांगा’ एवढंच म्हणावं. तो जिथे अडखळतो आणि अंदाज करू लागतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या नमुन्यात तो महाविद्यालयाचं नाव वाचेल, ‘स्नेहसंमेलन’ वाचेल, तारखेशी डोळे बारीक करेल आणि पाहुण्यांच्या पदव्यांपाशी हात टेकेल.

असं का होतं याचं उत्तर नेत्रतज्ज्ञाच्या तक्त्यात आहे. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली हा तक्ता आणला. अक्षराची उंची डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करत असेल, तर सर्वसाधारण चांगल्या डोळ्याला ते जेमतेम ओळखता येतं, हा त्याचा आधार. इथे मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. शंभर फुटांवर हा कोन भरायला पावणेदोन इंचांचं अक्षर लागतं. पण ही झाली ‘जेमतेम’ची हद्द, तीही स्वच्छ पांढऱ्यावर ठळक काळं, एकेक सुटं अक्षर असेल तेव्हाची. न ताणता वाचता यावं म्हणून फलक रंगवणारे दर दहा फुटांना एक इंच हा हिशेब धरतात. त्याने शंभर फुटांना दहा इंच होतात. पाहुण्यांची नावं आमच्या फ्लेक्सवर ३ इंचांची आहेत. म्हणजे हद्दीच्या किंचित वर आणि सोयीच्या फार खाली.

दहा इंच म्हणजे कुठून कुठपर्यंत, हेही ठरवायला हवं, कारण देवनागरीत इथेच फसगत होते. संगणकावर ओळीभोवती जी चौकट दिसते तिच्यात वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार सगळं धरलेलं असतं. तुम्ही दहा इंचांची ओळ मागता आणि प्रत्यक्ष ‘क’ सहा इंचांचा निघतो. म्हणून फूटपट्टी शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच लावायची. ए-फोरवरच्या छापीत हा ‘क’ ८ मिलिमीटरांहून थोडा जास्त भरला पाहिजे.

दुसरी अडचण अक्षरांच्या जोड्यांची. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मोठा फरक शिरोरेघेतल्या एका छोट्या फटीत असतो, ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातला पोटातल्या एका तिरक्या रेघेत. दुरून सर्वांत आधी या फटीच बुजतात. जाड अक्षर लांबून चांगलं दिसेल म्हणून लोक सर्वांत जाड वळण निवडतात आणि ‘ष’चं पोट भरून टाकतात. त्याला बाहेरून पांढरी किनार, तिच्यामागे काळी सावली दिली की उरलीसुरली फटही जाते. शिरोरेघ गाळलेली फॅशनेबल वळणंही याच कारणाने दूरच्या ओळींना नकोत. सुलेखनकाराने काढलेलं एकच मोठं शीर्षक असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते लोक अक्षर लावत वाचत नाहीत, आकाराने ओळखतात. पण त्याच वळणात तारीख लिहिली की ती नुसती नक्षी होते. मध्यम जाडीचं, पूर्ण शिरोरेघेचं साधं अक्षर आणि दोन ओळींमध्ये वरच्या उकाराला खालची वेलांटी टेकणार नाही इतकी जागा, एवढं पाळलं तर तेवढ्याच इंचांत कितीतरी जास्त वाचता येतं.

कडेच्या खुर्च्यांसाठी कागद तसाच ठेवून आपण बाजूला सरकायचं. अगदी कडेला, साठ अंशांच्या तिरकसपणाने बसलेल्याला अक्षराची उंची तेवढीच दिसते, रुंदी मात्र निम्मी होते. नाव एका ओळीत बसवायला ऑपरेटरने अक्षरं आडवी चेपलेली असतील तर त्या बाजूने ती उभ्या काड्यांसारखी दिसतात.

इथवरची तपासणी पुष्कळ जण थोडीफार करतात. पुढची कुणी करत नाही. रिकाम्या स्टेजमागचा फ्लेक्स आणि माणसं उभी असलेल्या स्टेजमागचा फ्लेक्स, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतात, म्हणजे स्टेजच्या पातळीत. तिथून साडेपाच फुटी माणूस फ्लेक्सचा तळापासून सहा फुटांपर्यंतचा भाग झाकतो. हे अपेक्षितच आहे. पण फोटोग्राफर स्टेजच्या अगदी पुढ्यात, खाली उभा असतो. कॅमेऱ्याच्या जागी दिवा ठेवला आहे अशी कल्पना करा. माणसाची सावली मागच्या पडद्यावर जिथवर पडेल, तिथवरचा मजकूर फोटोत झाकला जाणार. दिवा जवळ आणि खाली, म्हणून सावली मोठी.

आकडे घालून पाहू. पाहुणे फ्लेक्सच्या ८ फूट पुढे उभे आहेत, फोटोग्राफर त्यांच्यापासून १५ फुटांवर, स्टेजच्या कडेपासून तीन फूट बाहेर. कॅमेरा जमिनीपासून ५ फुटांवर, म्हणजे स्टेजच्या फक्त एक फूट वर. साडेपाच फुटांचं डोकं कॅमेऱ्याहून साडेचार फूट उंच आहे. पंधरा फुटांवर साडेचार, तर तेवीस फुटांवर किती? जवळपास सात. त्यात कॅमेऱ्याचा एक फूट मिळवला की आठ. बारा फुटांच्या फ्लेक्सपैकी खालचे आठ फूट फोटोपुरते डोक्यांमागे गेले. सगळी रांग भरलेली नसते, डोक्यांच्या मधून तुकडे डोकावतात, पण तुकड्यांनी काम बिघडतंच. संस्थापकांचं छायाचित्र कुणाच्या तरी खांद्यावर बसतं. सरस्वतीची वीणा प्राचार्यांच्या कानातून निघते. ‘प्रमुख पाहुणे’ या शब्दांतला काना पाहुण्यांच्याच डोक्यावर उभा राहतो.

मग सगळा मजकूर वरच्या चार फुटांत न्यावा, असं वाटेल. पण तिथे मांडववाल्याची झालर आहे. स्टेजच्या दर्शनी बाजूला, जमिनीपासून १२ फुटांवर तिचा खालचा काठ येतो, असं धरू. स्टेजच्या पातळीपासून ते ८ फूट झाले. शेवटच्या खुर्चीपासून झालर ८० फुटांवर आणि फ्लेक्स १०० फुटांवर. त्या काठाखालून पाहणाऱ्याला फ्लेक्स फक्त १० फुटांपर्यंत दिसतो. वरचे दोन फूट, जिथे मानाने संस्थेचं नाव असतं, मागच्या निम्म्या मांडवाला दिसतच नाहीत. गंमत अशी की पहिल्या रांगेतल्या संचालकांना ते व्यवस्थित दिसतात, त्यामुळे तक्रार कधी येत नाही.

म्हणजे खालचे आठ फूट फोटोने नेले, वरचे दोन झालरीने नेले. बारा फुटी फ्लेक्सचा दोन फुटांचा पट्टा काय तो दोघांच्या वाट्याला समाईक उरला.

ही जागा वाढवण्यासाठी फ्लेक्स मोठा करायची गरज नाही. पाहुण्यांनी चार फूट मागे, फ्लेक्सकडे सरकून उभं राहायचं, फोटोग्राफर आहे तिथेच. डोक्यांची हद्द आठवरून साडेसहाच्या खाली येते. किंवा पाहुणे जागेवरच ठेवून फोटोग्राफरला अडीच फुटांच्या बाकावर चढवायचं. हद्द साडेसहाच्या आसपास येते. दोन्ही केलं तर ती सहा फुटांवर उतरते. झालर दोन फूट वर बांधायला मांडववाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो कुरकुर न करता बांधतो. कार्यक्रमाच्या दिवशी सांगितलं तर त्याचा माणूस जेवायला गेलेला असतो. बाकाचा तोटा एवढाच की फोटोग्राफर मागच्यांच्या आड येतो, म्हणून तो सत्काराच्या आणि बक्षिसांच्या वेळेपुरताच वापरायचा. आणि पाहुण्यांना चार फुटांहून जास्त मागे नेऊ नये. समोरच्या दिव्यांनी त्यांच्या खऱ्या सावल्या फ्लेक्सवर पडायला लागतात.

उंचीचा हिशेब झाल्यावर रुंदीचा. यासाठी त्याच ए-फोर छापीवर सरकवायला पुठ्ठ्याच्या खिडक्या कापायच्या. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची नेहमीची लेन्स लावून त्याच जागेवरून सत्काराचा समूह टिपला, तर मागच्या फ्लेक्सचा साधारण साडेसोळा फूट रुंद आणि ११ फूट उंच भाग चौकटीत येतो. म्हणून साडेसोळा बाय ११ सेंटिमीटरची पहिली खिडकी. बक्षीस देणारा, घेणारी आणि मध्ये ढाल, अशा जवळच्या फोटोसाठी ११ बाय ७ सेंटिमीटरची दुसरी. मुलांच्या फोनवरच्या उभ्या रीलसाठी पावणेसात सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच अशी तिसरी. सोबत आठ सेंटिमीटर उंचीची दोन-तीन कागदी माणसं. ती आठची, कारण फोटोत त्यांची डोकी फ्लेक्सच्या आठ फुटांपर्यंत पोहोचतात, हे आपण वर पाहिलं. फोटोग्राफर बाकावर जाणार असेल आणि पाहुणे मागे सरकणार असतील तर सहाची.

माणसं ठेवायची, खिडकी त्यांच्यावर धरायची आणि आत काय उरतं ते वाचायचं. मधोमध मोठी खिडकी ठेवली की दोन्ही कडांचे पावणेचार-पावणेचार फूट बाहेर जातात. कोपऱ्यांतली बोधचिन्हं गेली. २२ फुटांत ताणलेलं महाविद्यालयाचं नाव दोन्हीकडून तुटलं. बक्षिसाची खिडकी तर पुरी फजिती करते. ‘पारितोषिक वितरण’ ही ओळ नेमकी तिच्या कडेवर सापडते आणि हसऱ्या मुलीच्या डोक्यामागे ‘रण’ एवढंच उरतं. अशी तुटकी अक्षरं फोटो काढताना कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण फोटोग्राफर चेहरे पाहत असतो, आणि ते बरोबरच आहे.

पोडियमचा हिशेब मी वेगळा काढतो, कारण वर्तमानपत्रात बहुतेक वेळा बोलणाऱ्या पाहुण्याचाच फोटो जातो. पोडियम स्टेजच्या पुढच्या कडेला, फ्लेक्सपासून १६ फुटांवर असतो आणि फोटोग्राफर वक्त्यापासून दहा फुटांवर खाली. आता तेच गणित केलं तर वक्त्याचं डोकं पडद्यावर पावणेतेरा फुटांवर जातं. पडदा बाराच फुटांचा आहे. म्हणजे डोक्यामागे फ्लेक्स नाहीच. तिथे मांडवाचं छत, बांबू, वायर आणि हॅलोजन आहे. फ्लेक्सवर कितीही सुंदर मजकूर लिहा, या फोटोला त्याचा उपयोग शून्य. दोनच गोष्टी करता येतात. एक तर मधल्या वाटेत चाळीसेक फूट मागे जाऊन लांब लेन्सने फोटो घ्यायचा. तिथून डोकं सव्वासात फुटांवर उतरतं आणि फ्लेक्स पाठीशी येतो. नाहीतर पोडियमच्या दर्शनी बाजूवरच महाविद्यालयाचं नाव लावायचं. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि तो कुठल्याही लेन्सने, कुठल्याही फोनने साधतो.

या सगळ्यातून आमच्या नमुन्याचा फ्लेक्स कसा बदलला? मधले सोळा फूट आणि डोक्यांच्या वरची जागा एवढंच मजकुराचं क्षेत्र ठरलं. पाहुणे मागे आणि फोटोग्राफर बाकावर धरून ते सहा फुटांपासून दहा फुटांपर्यंत, झालर तशीच राहिली तरी. त्यात ‘स्नेहसंमेलन २०२६’ दीड फुटी अक्षरांत पंधरा फुटांत बसतं. त्याच्या वर महाविद्यालयाचं नाव नऊ इंचांत. संस्थेचं नाव वर दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात गेलं. मान राहिला आणि पहिल्या रांगेला दिसतं. मागे दिसायला हवं असेल तर झालर उचला, हे अध्यक्षांना सांगायला सोपं जातं, कारण मग मुद्दा मांडववाल्याचा होतो. ‘पारितोषिक वितरण समारंभ’ काढला. आलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. बोधचिन्ह कोपऱ्यांतून आत, शीर्षकाच्या शेजारी आलं, म्हणजे उभ्या रीलच्या खिडकीतही ते आणि शीर्षकाचा पूर्ण शब्द नाहीतर पूर्ण वर्ष मावतं की नाही हे सरकवून पाहता आलं. सहा फुटांखाली काहीही लिहायचं नाही. तिथे एकसारखा रंग किंवा मंद, मोठी नक्षी, जी कुठेही तुटली तरी तुटल्यासारखी वाटत नाही.

पाहुण्यांची नावं गेली, यावर समितीत वाद होतो. माझं मत असं की नावं फ्लेक्सवर लिहून आपण पाहुण्यांचा मान करत नाही. फोटोत ती त्यांच्याच पाठीमागे झाकली जातात आणि शंभर फुटांवरून ती कुणाला लागत नाहीत. दहा इंचांत पाच नावं, पदव्या आणि पदं लिहायला एक अख्खा फ्लेक्स लागेल. नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे, टेबलावरच्या पाटीवर आहे, सूत्रसंचालक ते तीनदा उच्चारतो. तरीही आग्रह असेल तर प्रवेशद्वारापाशी वेगळा स्वागतफलक लावा. तिथे लोक सहा फुटांवरून वाचतात, तीन इंच पुरून उरतात.

रंगाची परीक्षा सोपी आहे. छापीचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच करड्या रंगात मिसळली, तर दुरूनही मिसळणार. हिरव्यावर लाल आणि निळ्यावर लाल इथेच नापास होतात. पण पास झालेलं रंगीत अक्षरही स्टेजच्या दिव्यांखाली दगा देतं. पांढऱ्यावर लाल अक्षर आणि वरून लाल पार लाइट, अशा वेळी पांढरा भागही लाल दिसतो आणि अक्षर त्यात विरघळतं. निळ्या दिव्याखाली पिवळं अक्षर काळपट पडतं. म्हणून नाच संपून सत्कार सुरू झाला की रंगीत दिवे बंद करून साधा पांढरा उजेड द्यायला लाइटवाल्याला आधीच सांगून ठेवावं.

पार्श्वभूमी शुभ्र पांढरी नसावी याला कॅमेऱ्याचं कारण आहे. स्वयंचलित मोजमाप मागचा झगझगीत पांढरा पाहून उजेड कमी करतं आणि पुढचे चेहरे काळवंडतात. गर्द काळ्याने उलट होतं. चेहरे पांढरेफटक येतात आणि काळे केस मागच्या काळ्यात हरवतात. मध्यम गडद रंग, गर्द निळा, मरून, मोरपंखी, आणि त्यावर फिकट अक्षर, हे दोन्ही बाजूंनी निभावतं. चकचकीत फ्लेक्स आणखी एक खोड करतो. फ्लॅशचा किंवा समोरच्या हॅलोजनचा पांढरा डाग नेमका अक्षरांवर उमटतो. मॅट कापड किंवा मॅट फ्लेक्स मागितला तर तो टळतो. फ्लेक्स आधीच छापला असेल तर फ्रेमचा वरचा काठ काही इंच पुढे झुकवायचा, म्हणजे परावर्तन कॅमेऱ्याकडे न येता खाली जातं. सुरकुत्या मात्र ताणून घालवायच्याच. प्रत्येक घडी उजेडाची एक रेघ पकडते.

लेन्सने मागचं धूसर होतं, मग अक्षरं पुसली जाणार नाहीत का, असं मुलं विचारतात. मोठ्या अक्षरांचं काही बिघडत नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स २.८ वर उघडून १५ फुटांवरचा चेहरा टिपला, तर आठ फूट मागच्या फ्लेक्सवरचा प्रत्येक बिंदू सुमारे दीड सेंटिमीटर फाकतो. दीड फुटी अक्षराला ते जाणवतही नाही. तीन इंची अक्षराची रेघच तेवढी जाड असते, ती मात्र जाते.

आता बऱ्याच ठिकाणी फ्लेक्सऐवजी एलईडी भिंत येते. डोक्यांचा आणि झालरीचा हिशेब तिलाही तसाच लागू आहे. वर तिच्या स्वतःच्या दोन खोडी. ती इतकी उजळ असते की पुढची माणसं काळ्या आकृत्या होतात, म्हणून सत्काराच्या वेळी तिची चमक चेहऱ्यांवरच्या उजेडाइतकी खाली आणावी लागते. आणि शटर फार जलद ठेवलं तर फोटोत तिच्यावर आडवे पट्टे येतात. शटर हळू केलं की ते जातात. तिसरी खोड माणसांची: बक्षीस देण्याच्या नेमक्या क्षणी मागे प्रायोजकाची जाहिरात फिरत असते. सत्कार आणि बक्षिसं चालू असताना एकच स्थिर चित्र, हे चालवणाऱ्याला लेखी द्यावं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, फ्लेक्स लागल्यावर, दिवे लावून एकदा मागे जाऊन बसावं. चार मुलांना पाहुण्यांच्या जागी उभं करावं, फोटोग्राफरच्या जागेवरून फोनने दोन फोटो घ्यावेत आणि ते समितीच्या गटावर पाठवून न उघडता, छोट्या चौकटीतच पाहावेत. साडेसोळा फुटांची चौकट फोनच्या सात सेंटिमीटर रुंदीत आली की नऊ इंची अक्षर तीन मिलिमीटरांहून थोडं जास्त उरतं आणि वाचता येतं. तीन इंची अक्षर एक मिलिमीटर उरतं. या वेळी फ्लेक्स बदलता येत नाही. खुर्च्या दोन पावलं मागे घेता येतात, उभं राहायच्या जागी खडूने रेघ मारता येते, बाक आणून ठेवता येतं, फ्रेमचा वरचा काठ झुकवता येतो, आणि मांडववाल्याचा माणूस जेवायला जायच्या आत झालर वर घेता येते.